घटक ७ : वाक्याच्या मध्ये येणारे उद्गार – शिवीची जागा आणि तिचे व्याकरण

७.० उद्दिष्टे

विद्यार्थिमित्रहो, या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील.

१. वाक्याच्या मध्ये येणाऱ्या शिवीवजा उद्गारांचे दोन प्रकार वेगळे करता येतील.
२. असा उद्गार कोणत्या जागी बसतो, कोणत्या जागी कानाला खटकतो आणि का, हे सांगता येईल.
३. आपल्या परिसरातील बोलण्याची नोंद घेऊन हे नियम स्वतः पडताळून पाहता येतील.

७.१ प्रस्तावना

शालेय व्याकरणात केवलप्रयोगी अव्ययांचा पाठ शेवटी येतो आणि लवकर संपतो. 'अरेरे', 'शाब्बास', 'छे' हे शब्द वाक्याच्या आरंभी येतात आणि वाक्यातील इतर शब्दांशी त्यांचा व्याकरणिक संबंध नसतो, एवढे सांगून आपण पुढे जातो. त्याच पाठाच्या अखेरीस 'व्यर्थ उद्गारवाची' आणि 'पादपूरणार्थक' अव्यये अशी दोन नावे भेटतात. बोलताना निरर्थक येणारे 'आपला', 'बेटा', 'बापडा', 'म्हणे' यांसारखे शब्द तेथे ठेवलेले असतात. त्यांनाच पालुपदे असेही म्हणतात.

'व्यर्थ' हा शब्द मात्र दिशाभूल करणारा आहे. व्यर्थ शब्द वाक्यात कोठेही टाकता आला पाहिजे. प्रत्यक्षात तसे घडत नाही. भोर किंवा वेल्हे येथील एसटी स्थानकावर तासभर उभे राहून बोलणे ऐका. 'च्यायला', 'आयला', 'साला', 'मेला' हे शब्द वाक्याच्या मध्ये सर्रास येतात. पण ते ठरावीक जागीच येतात. रागाच्या भरात बोलणारा माणूससुद्धा चुकीच्या जागी शिवी घालत नाही. ज्या बोलण्याला आपण 'गावंढळ' किंवा 'अशुद्ध' म्हणून बाजूला सारतो, तेही नियमांना धरून चालते, हे यावरून दिसते. तुमच्यापैकी अनेकांचे घरचे बोलणे असेच असेल. ते बोलणे नियमहीन आहे, ही समजूत या घटकात तपासून पाहावयाची आहे.

या घटकात काही असभ्य शब्द उदाहरणांसाठी आलेले आहेत. ते अभ्यासाची सामग्री म्हणून वाचावेत. उदाहरणवाक्ये विवेचनासाठी रचलेली आहेत.

७.२ विषय-विवेचन

७.२.१ इंग्रजीतील शब्द फोडणारी शिवी

प्रथम एका परक्या भाषेकडे पाहू, म्हणजे मराठीचे वेगळेपण लक्षात येईल. इंग्रजी बोलणारे लोक चक्क शब्दाच्या पोटात शिवी घालतात. 'ॲब्सोलूटली' या शब्दात 'ब्लडी' घालून ते 'ॲब्सो-ब्लडी-लूटली' असे म्हणतात. 'फँटॅस्टिक'चे 'फँ-ब्लडी-टॅस्टिक' होते. परंतु 'फँटॅस-ब्लडी-टिक' असे कोणीही म्हणत नाही. ते म्हणू नये असे कोणत्याही शाळेत शिकवलेले नसते, तरीही ते सर्वांना चुकीचे वाटते.

याचे कारण आघातात आहे. इंग्रजी शब्दांतील काही अक्षरांवर जोर असतो आणि जोराच्या अक्षरापासून शब्दाचा एक उच्चारगट सुरू होतो. शिवी अशा दोन गटांच्या सांध्यावर, म्हणजे जोराच्या अक्षराच्या लगेच आधी बसते. 'फँटॅस्टिक'मध्ये मुख्य जोर 'टॅस'वर आहे, म्हणून शिवी त्याच्या आधी येते. 'टॅस' आणि 'टिक' हे एकाच गटातले असल्याने त्यांच्यामध्ये ती शिरू शकत नाही. जॉन मॅकार्थी या भाषावैज्ञानिकाने १९८२ मध्ये हा नियम उच्चारगटांच्या आधारे मांडला. शिवीची जागा अर्थावरून ठरत नसून उच्चाराच्या घडणीवरून ठरते, हा त्यातील महत्त्वाचा मुद्दा.

मराठीत 'वे-च्यायला-ल्हे' किंवा 'पा-साला-ऊस' असे कोणी म्हणत नाही. मराठी शब्दात जोराचे अक्षर इंग्रजीइतके ठळक नसते आणि शब्द फोडण्याची ही पद्धत मराठीने स्वीकारलेली नाही. तेव्हा मराठीपुरता आपला प्रश्न असा आहे : शब्द अभंग राहतो, मग शब्दांच्या कोणत्या सांध्यावर शिवी बसते?

७.२.२ दोन प्रकारचे उद्गार

या शब्दांचे दोन गट पाडणे आवश्यक आहे.

पहिला गट 'च्यायला', 'आयला', 'तिच्यायला', 'च्यामारी' यांचा. 'त्याच्या आईला' किंवा 'तिच्या आईला' या शब्दसमूहाचा पुढचा भाग झिजून 'च्यायला' उरले. मूळ शिवी कोणाच्या तरी आईला उद्देशून होती. आज बोलणाऱ्याच्या मनात ती आई नसते. एसटी चुकली, छत्री विसरली, तरी तो हाच शब्द उच्चारतो. तथापि ऐकणाऱ्याला मूळ अर्थ जाणवू शकतो आणि म्हणूनच वडीलधाऱ्यांसमोर हा शब्द गिळला जातो. व्याकरणदृष्ट्या या गटाचे लक्षण असे की हे शब्द कधीही बदलत नाहीत. त्यांना लिंग नाही, वचन नाही, विभक्ती नाही.

दुसरा गट 'मेला' आणि 'साला' यांचा. हे शब्द विशेषणाप्रमाणे बदलतात. 'हा मेला पाऊस', 'ही मेली एसटी', 'हे मेलं ऊन', 'या मेल्या पावसानं' ही रूपे पाहा. 'मेला' हा शब्द विशेषतः स्त्रियांच्या बोलण्यात आढळतो. 'साला' मात्र दोन्ही गटांत वावरतो. पुढील दोन वाक्ये मोठ्याने म्हणून पाहा.

(१) साली एसटीच आली नाही.
(२) साला एसटीच आली नाही.

पहिल्या वाक्यात 'साली' हा शब्द 'एसटी'प्रमाणे स्त्रीलिंगी झाला आहे. राग एसटीवर आहे. दुसऱ्या वाक्यात 'साला' बदललेला नाही. तेथे राग एकूण प्रसंगावर आहे. शब्दाचा 'एसटी'शी संबंध जुळलेला नाही. शब्द एकच, पण पहिल्या वाक्यात तो नामाचा आहे आणि दुसऱ्या वाक्यात साऱ्या वाक्याचा. 'केवलप्रयोगी अव्ययाचा इतर शब्दांशी संबंध नसतो' हे विधान दुसऱ्या वाक्याला लागू पडते, पहिल्याला नाही.

७.२.३ एका वाक्याची फोड

आता पहिल्या गटातील शब्द घेऊन एक वाक्य सविस्तर तपासू. वेल्ह्याहून पुढे केळदच्या बाजूला जाणारा एक प्रवासी स्थानकावर म्हणतो :

आजपण एसटी वेल्ह्याच्या पुढं गेली न्हाय.

या वाक्यातील प्रत्येक सांध्यावर 'च्यायला' ठेवून पाहू. वाक्य मनात न वाचता मोठ्याने म्हणा आणि मध्ये थांबू नका.

(३) आजपण च्यायला एसटी वेल्ह्याच्या पुढं गेली न्हाय. – सहज वाटते.
(४) आजपण एसटी च्यायला वेल्ह्याच्या पुढं गेली न्हाय. – सहज वाटते.
(५) आजपण एसटी वेल्ह्या च्यायला च्या पुढं गेली न्हाय. – अशक्य.
(६) आजपण एसटी वेल्ह्याच्या च्यायला पुढं गेली न्हाय. – खटकते.
(७) आजपण एसटी वेल्ह्याच्या पुढं च्यायला गेली न्हाय. – चालते.
(८) आजपण एसटी वेल्ह्याच्या पुढं गेली च्यायला न्हाय. – खटकते.
(९) आजपण एसटी वेल्ह्याच्या पुढं गेली न्हाय च्यायला. – सहज वाटते.

वाक्य (५) मध्ये 'च्या' हा प्रत्यय आहे. तो 'वेल्ह्या' या सामान्यरूपाला चिकटतो आणि स्वतंत्रपणे उभा राहू शकत नाही. सामान्यरूप आणि प्रत्यय यांच्यामध्ये मराठी भाषा काहीही शिरू देत नाही. 'पावसात' या शब्दाचे 'पावसा च्यायला त' होत नाही, त्याचे कारण हेच.

वाक्य (६) मध्ये दोन अडचणी एकत्र आल्या आहेत आणि त्या वेगळ्या केल्या पाहिजेत. पहिली अडचण योगायोगाची आहे. 'वेल्ह्याच्या च्यायला' असे म्हणताना दोन 'च्या' शेजारी येतात आणि ऐकणाऱ्याला 'वेल्ह्याच्या आयला' असे ऐकू येण्याचा संभव असतो. म्हणजे बिनमालकीच्या उद्गाराला अचानक मालक मिळतो आणि साऱ्या गावाला शिवी दिल्यासारखे होते. ही अडचण दूर करण्यासाठी 'च्यायला'च्या जागी न बदलणारे 'साला' ठेवून पाहा : 'वेल्ह्याच्या साला पुढं गेली न्हाय'. आता गैरसमज उरत नाही, तरीही वाक्य पुरते सुधारत नाही. यावरून दुसरी आणि खरी अडचण कळते. 'वेल्ह्याच्या पुढं' हे दोन शब्द मिळून एक पदबंध होतो. उच्चारातही ते एका दमात येतात. शिवी त्या दमाच्या मध्ये आडवी येते.

वाक्य (८) चेही तेच. 'गेली न्हाय' यातील 'न्हाय' मागच्या क्रियापदाला टेकून उच्चारले जाते. 'येत नाही', 'करत आहे', 'आला होता' या सर्व जोड्यांमध्ये दुसरा शब्द असाच टेकलेला असतो. म्हणून 'काय ऊन आहे च्यायला' हे सहज वाटते आणि 'काय ऊन च्यायला आहे' हे अडखळते.

७.२.४ तीन पातळ्या

येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. 'गेलीच न्हाय', 'वेल्ह्याच्याच पुढं' असे आपण म्हणतो. मग ज्या सांध्यात 'च' शिरतो, तेथे 'च्यायला' का शिरत नाही?

'च' हा शब्द स्वतःच्या बळावर उभा राहत नाही. तो मागच्या शब्दाला चिकटतो आणि त्याच्याच उच्चारात मिसळतो. त्यामुळे पदबंधाचा दम तुटत नाही. 'च्यायला' हा मात्र स्वतंत्र, भारदस्त शब्द आहे. त्याला पाय ठेवायला मोकळी जागा लागते. यावरून मराठी वाक्यात सांध्यांच्या तीन पातळ्या मानता येतात.

पहिली पातळी शब्दाच्या आतील सांधा : सामान्यरूप आणि प्रत्यय. येथे 'च'सुद्धा शिरत नाही. 'पावसातच' होते, 'पावसाचत' होत नाही. दुसरी पातळी पदबंधाच्या आतील सांधा : 'वेल्ह्याच्या' आणि 'पुढं', 'गेली' आणि 'न्हाय'. येथे 'च'सारखे चिकटणारे शब्द शिरतात, पण स्वतंत्र शिवी खटकते. तिसरी पातळी दोन पदबंधांमधील सांधा. येथे शिवी खुशाल बसते.

संयुक्त क्रियापदे या कसोटीवर विशेष उद्बोधक ठरतात. 'तो जेवून च्यायला गेला' हे वाक्य म्हणून पाहा. त्याचा अर्थ 'तो जेवला आणि निघून गेला' असाच होतो. जेवणे आणि जाणे या दोन क्रिया आहेत, म्हणून मध्ये सांधा आहे. आता 'तो विसरून च्यायला गेला' असे म्हणा. येथे 'जाणे' ही वेगळी क्रिया नाही. 'विसरून गेला' हे एकच क्रियापद आहे. म्हणून शिवी खटकते. 'विसरूनच गेला' मात्र चालते. 'ऊन'कारान्त रूपापुढील क्रियापद स्वतंत्र आहे की संयुक्त, हे ओळखण्याची ही एक उपयुक्त चाचणी आहे. विशेषनामांचेही तसेच. 'तोरणा किल्ला' हे नाव म्हणून एकसंध असल्यामुळे 'तोरणा च्यायला किल्ला' हे कानाला चालत नाही.

७.२.५ आघाताने सांधा बदलतो

वरील नियमाला वरवर पाहता छेद देणारी वाक्ये आढळतात.

(१०) कसला च्यायला रस्ता आहे हा!
(११) काय च्यायला ऊन आहे!

'कसला रस्ता' हा एकच पदबंध आहे. 'कसला' हे रूप 'रस्ता'प्रमाणे बदलते. तरीही मध्ये शिवी अगदी सहज बसते. किंबहुना ही तिची आवडती जागा आहे. याचे कारण उच्चारात शोधावे लागते. उद्गारार्थी वाक्यात 'कसला', 'काय', 'कशाला', 'कुठं' या शब्दांवर मोठा जोर असतो. जोर पडलेला शब्द आपला उच्चारगट तेथेच पूर्ण करतो आणि पुढे सांधा तयार होतो. जोर काढून घेतला की सांधाही नाहीसा होतो. 'दोन च्यायला तास थांबलो' हे वाक्य सपाट सुरात अडखळते. 'दोन'वर ठासून जोर दिला तर ते पुष्कळ सुधारते. 'दोन तास च्यायला थांबलो' हे मात्र कोणत्याही सुरात चालते.

म्हणजे अखेर मराठीतही शिवीची जागा उच्चाराच्या घडणीवरून ठरते. फरक एवढाच की इंग्रजी शिवी शब्दाच्या आत, जोराच्या अक्षराच्या आधी बसते. मराठी शिवी शब्दाच्या बाहेर, जोराच्या शब्दानंतर बसते.

७.२.६ बदलणाऱ्या शब्दाची जागा

'मेला' या शब्दाला आणखी एक बंधन आहे. तो ज्या शब्दाशेजारी बसतो त्याच्याशी त्याला जुळवून घ्यावे लागते. एखादी स्त्री स्वतःबद्दल म्हणते :

(१२) मला मेलीला काही कळत नाही.
(१३) मला मेलं काही कळत नाही.

दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. पहिल्यात 'मेलीला' हे रूप 'मला'शी जुळते. ते स्त्रीलिंगी आहे आणि त्याला विभक्तीही लागली आहे. बोलणारी स्वतःला कोसते आहे. दुसऱ्यात 'मेलं' हे नपुंसकलिंगी रूप 'काही'शी जुळते. राग न कळणाऱ्या गोष्टीवर आहे. परंतु 'मला मेली काही कळत नाही' असे वाक्य खटकते. 'मेली' हे रूप 'मला'शी जुळत नाही, कारण विभक्ती नाही. 'काही'शीही जुळत नाही, कारण लिंग वेगळे आहे. येथे जागा योग्य असून रूप चुकले आहे. खटकणे दोन प्रकारचे असते, हे यातून ध्यानात घ्यावे : 'च्यायला' चुकतो तो जागेमुळे, 'मेला' चुकतो तो बहुधा रूपामुळे.

७.३ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावातील, घरातील किंवा प्रवासातील बोलण्यातून अशी दहा वाक्ये टिपा. 'तुम्ही शिवी कशी देता?' असे विचारू नका; विचारल्यावर माणूस सावध होतो आणि सांगितलेले वाक्य बोललेल्या वाक्यापेक्षा वेगळे निघते. भातलावणीच्या वेळी, एसटीची वाट पाहताना, खेळाच्या मैदानावर सहज झालेले बोलणे ऐका. उद्गाराच्या आधीचे तीन आणि नंतरचे तीन शब्द, जोर कोणत्या शब्दावर होता आणि मध्ये थांबणे होते की नाही, एवढे लिहा. थांबणे टिपणे महत्त्वाचे आहे. बोलणारा मध्ये थांबला तर खटकणारी जागाही चालून जाते. कारण त्या थांबण्याने सांधा निर्माण होतो. बोलणाऱ्याचे नाव लिहू नका. वय, स्त्री की पुरुष आणि समोर कोण होते, एवढी नोंद पुरेशी आहे. ध्वनिमुद्रण करावयाचे असल्यास आधी परवानगी घ्या.

त्यानंतर प्रत्येक वाक्यातील उद्गार एका शब्दाने मागे किंवा पुढे सरकवा आणि दोन्ही वाक्ये तीन जणांना ऐकवा. 'बरोबर कोणते?' असे न विचारता 'असं कोणी म्हणेल का?' असे विचारा. पहिल्या प्रश्नाला लोक शाळेतील व्याकरण आठवून उत्तर देतात. दुसऱ्याला कानाने देतात. उत्तरे जुळली नाहीत तर तेही नोंदवा. दुसऱ्या पातळीवरील सांध्यांबाबत मतभेद होणे अपेक्षित आहे. पहिल्या पातळीबाबत मतभेद दिसला तर वाक्य नीट ऐकवले गेले होते का, ते तपासा.

७.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

पुढील वाक्ये सहज वाटतात की खटकतात, ते कारणासह सांगा.

(अ) पाऊस च्यायला थांबंना.
(आ) पावसा च्यायला मुळं लावणी राहिली.
(इ) भाताची रोपं वाहून च्यायला गेली.
(ई) तिला मेली काही सांगितलं तरी पटत नाही.

उत्तरे : (अ) सहज, कर्त्याचा पदबंध संपल्यावर सांधा आहे. (आ) खटकते, 'मुळं' हे शब्दयोगी अव्यय सामान्यरूपाला चिकटलेले आहे. 'पावसामुळं च्यायला लावणी राहिली' असे हवे. (इ) खटकते; 'वाहून गेली' हे येथे एकच क्रियापद आहे. 'भाताची रोपं च्यायला वाहून गेली' असे हवे. (ई) खटकते, दोष रूपाचा आहे. 'तिला मेलीला' किंवा 'मेलं काही' असे हवे.

७.५ सारांश

वाक्याच्या मध्ये येणारा शिवीवजा उद्गार अर्थाने रिकामा असला, तरी जागेने मोकळा नसतो. न बदलणारा उद्गार पदबंधांच्या सांध्यावर किंवा जोर पडलेल्या शब्दानंतर बसतो. बदलणारा उद्गार शेजारच्या शब्दाच्या लिंग, वचन व विभक्तीशी जुळवून घेतो. सामान्यरूप आणि प्रत्यय यांच्या मध्ये काहीच शिरत नाही; पदबंधाच्या आत 'च'सारखे चिकटणारे शब्दच शिरतात. हे नियम कोणी शिकवलेले नसतानाही स्थानकावर एसटीची वाट पाहणारा प्रवासी ते बिनचूक पाळतो. त्याच्या बोलण्यात व्याकरण नाही, असे यापुढे तुम्हाला म्हणता येणार नाही.